सव्वीस दिवस कशात धरायचे?

‘चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन : एक ड्रिल मशीन, जुने, वापरते. किंमत रुपये ६,५००/-.’ चार्जशीटमधली ही ओळ मी तुरुंगाच्या मुलाखत खोलीत बसून वाचली, आणि ‘जुने, वापरते’ या दोन शब्दांवर पेन्सिलीने खूण केली. जाळीपलीकडे बसलेल्या पोराला त्या खुणेचं काही वाटलं नाही. तो एवढंच म्हणाला, “मॅडम, मी कबूल करतो. चोरी केलीच आहे. फक्त मला लवकर सोडवा.”

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात काम करते. ज्यांना वकील लावणं परवडत नाही अशा आरोपींचं काम आमच्याकडे येतं. या पोराचे कागद माझ्या टेबलावर आले तेव्हा त्याचा कोठडीतला बाविसावा दिवस होता. वय तेवीस. बांधकामावर मदतनीस. आधीचा एकही गुन्हा नाही. मुकादमाने तीन आठवड्यांची मजुरी अडकवून ठेवली म्हणून रागाच्या भरात साइटवरचं ड्रिल मशीन पिशवीत घालून नेलं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी ते त्याच्या खोलीतून जप्त केलं होतं. मशीनचा मालक म्हणजे इलेक्ट्रिकचं काम घेणारा एक छोटा ठेकेदार. मजुरी थकवणारा मुकादम वेगळाच. राग एकावर होता आणि नुकसान दुसऱ्याचंच झालं.

आता हा ६,५०० चा आकडा का महत्त्वाचा, ते सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आपल्या दंडविधानात पहिल्यांदाच ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आली. ती सरसकट सगळ्या गुन्ह्यांना नाही, मोजक्या सहा गुन्ह्यांना आहे. त्यातली एक जागा चोरीची. कलम ३०३(२) ला जोडलेल्या अपवादात, म्हणजे परंतुकात, म्हटलंय की चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत मिळाली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेचीच. तिथे कैद नाही, दंडही नाही. किंमत पाच हजार किंवा त्याच्या वर गेली, की तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही.

फरक फक्त शिक्षेचा असता तरी पुष्कळ होता. पण फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पहिल्या अनुसूचीनुसार पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे वॉरंटशिवाय अटकच करता येत नाही, आणि अटक झाली तरी जामीन हा हक्क. पाच हजारांच्या वरची चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र. या पोराला चौथ्या दिवशी पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार आणायचा कुठून? खोलीवरचे तिघेही त्याच्यासारखेच, एकाच्याही नावावर काही नाही. म्हणून तो आतच राहिला. मशीनची किंमत त्या दिवशी फिर्यादीत ४,००० लिहिली गेली असती, तर तो बहुधा एक रात्रही आत गेला नसता. देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश माणसं कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकाल अजून व्हायचाय. त्यातले किती जण असल्या एखाद्या आकड्यामुळे आत बसलेत, हा विचार मला त्या मुलाखत खोलीत दर वेळी छळतो.

निघताना त्याने शर्टाच्या खिशातून चौकोनी घडीची एक चिठ्ठी काढून जाळीला लावली. तीवर एक मोबाइल नंबर होता. शेजारी झोपणाऱ्याने दिला होता, “बाहेर गेलास की फोन कर, ड्रिल मशीन काय उचलतोस, गाड्यांचं काम आहे.” त्याने ती चिठ्ठी मला का दाखवली ते मला नीटसं कळलं नाही. मी म्हटलं, फाडून टाक. तो म्हणाला, “टाकतो.” पण तेव्हा त्याने ती परत घडी करून खिशातच ठेवली.

सव्विसाव्या दिवशी प्रकरण बोर्डावर होतं. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसांच्या पहाऱ्यात तो बसला होता. त्याला मी तीन रस्ते समजावून सांगितले.

पहिला रस्ता सगळ्यांना ठाऊक असलेला. गुन्हा कबूल करायचा, न्यायाधीश महिनाभराची कैद देतात, भोगलेले दिवस त्यातून वजा होतात, वर हजार रुपये दंड, आणि ‘दंड न भरल्यास सात दिवस साधी कैद’. आमच्या भाषेत सेट ऑफ. झटपट होतं. पण त्याच्याकडे हजार रुपये नव्हते. दंड न भरता आल्यामुळे आत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या गुन्ह्याची शिक्षा संपलेली असते आणि ती खिशात पैसे नसण्याची शिक्षा भोगत असतात. शिवाय भरलेला दंड सरकारजमा होतो. न्यायाधीशांनी त्यातून नुकसानभरपाई द्यायचा वेगळा आदेश केला नाही, तर ज्याचं मशीन गेलं होतं त्याच्या हातात एक पैसाही येत नाही. आणि पुढे कुठल्याही कामाला पोलीस पडताळणी लागली, की कागदावर ‘कैद’ हा शब्द.

दुसरा रस्ता म्हणजे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. जुना आणि चांगला कायदा आहे. त्याच्या कलम ३ खाली किरकोळ चोरीसारख्या गुन्ह्यात पहिल्यांदा सापडलेल्याला समज देऊन सोडता येतं, कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं. आणि कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीपायी एरवी चिकटणारी कायदेशीर अपात्रताही लागत नाही. अपात्रता टाळण्याचं हे काम दंड करत नाही, कैद करत नाही, आणि नवी सामुदायिक सेवाही करत नाही.

तिसरा रस्ता सामुदायिक सेवेचा. त्यासाठी किंमत पाच हजारांच्या आत आहे हे आधी कोर्टाच्या गळी उतरवायचं.

तो सगळं ऐकत होता. मग त्याने विचारलं, “सेवा दिली तर मी किती आठवडे काम करायचं?”

“ते साहेब ठरवतील.”

“आणि हे सव्वीस दिवस? ते कशात धरायचे?”

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण कायद्यात उत्तर नाही. सेट ऑफचं कलम भोगलेली कोठडी कैदेतून वजा करायला सांगतं. सामुदायिक सेवेतून वजा करायला सांगत नाही. सेवा ही कैदेपेक्षा सौम्य शिक्षा आहे म्हणून आणली, पण ज्याने निकालाआधीच कैद भोगलीय त्याच्यासाठी ती कैदेवर चढवलेली जादा शिक्षा होते. हे मी कोणत्याही व्याख्यानात ऐकलं नव्हतं, त्या पोराने व्हरांड्यात मला विचारलं.

साडेबाराला पुकारा झाला. वीस हजारांपर्यंतच्या चोरीचा खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो, त्यात तीन महिन्यांच्या वर कैद देता येत नाही. गुन्ह्याचा तपशील आरोपीला वाचून दाखवतात आणि कबूल आहे का विचारतात. इथे एक सापळा असतो. तपशिलात ‘रुपये ६,५०० किमतीचे ड्रिल मशीन’ असं लिहिलेलं असतं. आरोपी “कबूल” म्हणाला की तो चोरीही कबूल करतो आणि आकडाही. मग परंतुकाचं दार आपोआप बंद. म्हणून मी उभी राहिले आणि विनंती केली की कबुली ‘चोरी मान्य, किंमत मान्य नाही’ अशी शब्दशः नोंदवावी. न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग लघुलेखकाला तसंच सांगितलं.

फिर्यादी ठेकेदार हजर होता. मी त्याला तीनच प्रश्न विचारले. मशीन कधी घेतलं? चार्जशीटला जोडलेलं बिल तीन वर्षांपूर्वीचं होतं, त्यावरच ६,५०० होते. रोज वापरात होतं का? “हो, रोज. दोनदा कार्बन ब्रश बदललेत.” चोरी झाली त्या दिवशी ते बाजारात विकलं असतं, तर किती आले असते? तो जरा थांबला. हा माणूस खोटं बोलू शकला असता आणि कुणी त्याला धरलंही नसतं. तो म्हणाला, “तीन, फार तर साडेतीन हजार.”

सरकारी वकिलांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. त्यांचं म्हणणं, मशीन सापडलंच नसतं तर फिर्यादीला नवं घ्यावं लागलं असतं, म्हणून नव्याची किंमत धरा. मी म्हटलं, कलमात ‘चोरलेल्या मालाची किंमत’ आहे, ‘माल पुन्हा घ्यायचा खर्च’ नाही. चोरलेला माल तीन वर्षं घासलेला होता, तेव्हा किंमत त्याचीच. शिवाय पंचनाम्यात पोलिसांनी स्वतःच ‘जुने, वापरते’ लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत नव्याची किंमत टाकलीय. साहेबांनी फिर्यादीचं उत्तर ग्राह्य धरलं. किंमत ३,५००. मुद्देमाल सुपुर्दनाम्यावर फिर्यादीला मिळालेला होताच, म्हणजे परत मिळण्याची अटही पुरी होती.

मी आधी परिवीक्षा मागितली होती. समज देऊन सोडा, तो अधिनियम इतर कायद्यांत काहीही असलं तरी लागू होतो असं त्याच्याच कलमात लिहिलंय, आणि सव्वीस दिवस ही पुरेशी समज झाली. साहेबांना ते पटलं नाही. त्यांच्या मते परंतुकात संसदेने शिक्षा नेमूनच दिली आहे, आणि काही न करता सोडलं तर फिर्यादीला वाटेल की चोरीला किंमतच नाही. मला आजही वाटतं की त्या पोराच्या बाबतीत परिवीक्षाच योग्य होती. सामुदायिक सेवेचा सगळ्यात मोठा धोका मला हाच दिसतो. ती तुरुंगात जाणाऱ्याला वाचवण्याऐवजी एरवी समज देऊन सुटणाऱ्यालाच अडकवते. पण निकाल त्यांचा होता.

आणि मग जे झालं, त्यामुळे तो दिवस माझ्या लक्षात राहिला. साहेब आदेश सांगायला लागले, “आरोपीस सामुदायिक सेवेची शिक्षा...” आणि थांबले. सरकारी वकील हळूच म्हणाले, “सर, किती?”

संहितेत याचं उत्तर नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये व्याख्या आहे ती एवढीच की समाजाला उपयोगी पडेल असं काम, जे कोर्ट शिक्षा म्हणून करायला सांगेल आणि ज्याचा मोबदला मिळणार नाही. किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, मोजायचं कसं, एकही शब्द नाही. चुकवली तर साधी कैद देता येते, तेवढं मात्र आहे. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “जेवणानंतर घेऊ. दोघांनी काहीतरी लिहून आणा.”

सरकारी वकील आणि मी बार रूममध्ये एका टेबलावर बसलो. वीस वर्षांत आम्ही एकाच कागदावर कधी लिहिलं नव्हतं. पहिला प्रश्न तासांचा. इंग्लंडने १९७२ च्या कायद्याने ही शिक्षा आणली तेव्हा किमान ४० आणि कमाल २४० तास घातले होते, आज कमाल ३०० आहे. पण त्यातून आपल्या माणसाला नेमके किती, हे कळत नाही. फिनलंडची रीत मला जास्त कामाची वाटली. तिथे न्यायाधीश आधी कैद किती दिली असती ते ठरवतात, आणि मगच तिचं सेवेत रूपांतर करतात, कैदेचा एक दिवस म्हणजे साधारण एक तास. यात एक मोठा फायदा आहे. ज्याला कैद दिलीच नसती, त्याच्या गळ्यात सेवा पडत नाही. आणि माझ्या पोराच्या प्रश्नालाही त्यात जागा सापडत होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, “हे आपल्यावर बंधनकारक कुठे आहे?” मी म्हटलं, बंधनकारक काहीच नाही, पण मोजायला हातात पट्टी तर हवी. ते हसले नाहीत, पेन उचललं.

दुपारी साहेबांनी तो हिशेब माझ्यासमोरच केला. या प्रकरणात त्यांनी साठ दिवसांची कैद दिली असती. त्यातून सव्वीस वजा, चौतीस उरले. दर खेपेला चार तास काम धरलं तर चौतीसला चारने भाग जात नाही. “बत्तीस धरू,” साहेब म्हणाले, “आठ खेपा.” मी मागे वळून पाहिलं. पोरगा खाली मान घालून उभा होता, पण ‘सव्वीस वजा’ हे त्याने ऐकलं होतं. नंतर त्याने मला तेच दोन शब्द परत विचारून खात्री करून घेतली.

बाकीच्या अटींवर वेळ गेला. तो रोजंदारीवर. कामाच्या दिवशी सेवा लावली तर दर खेपेला त्याचा रोज बुडणार, म्हणजे दंडच झाला, फक्त नाव वेगळं. म्हणून सुटीचा दिवस, रविवार, सकाळी आठ ते बारा. रविवारी उघडं काय असतं? सरकारी रुग्णालय. तिथल्या अधीक्षकांना आम्ही मधल्या सुटीत फोन केला होता. त्यांची अडचण साधी होती, चोरीतला माणूस औषधांच्या खोलीजवळ नको. कामं ठरली ती अशी : व्हीलचेअर आणि स्ट्रेचर धुणं, आवार झाडणं, धुवायच्या चादरींचे गठ्ठे खाली नेणं. रुग्णाला हात लावायचा नाही, कसलीही किल्ली हातात द्यायची नाही. एक वेगळी वही, तीत तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, काम आणि ड्यूटीवरच्या प्रभारीची सही. तिची प्रत दर महिन्याला कोर्टात. विनाकारण सेवा चुकवली तर पंधरा दिवस साधी कैद, पण त्याआधी त्याला बोलावून कारण ऐकायचं. हे शेवटचं वाक्य मी हट्टाने घालून घेतलं.

रुग्णालयाच्या बाजूने एक सूचना आली होती, त्याच्या अंगावर ओळखू येईल असं काही घालावं. मी विरोध केला. शिक्षा कामाची आहे, मिरवणुकीची नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली कैदेऐवजीच्या शिक्षांसाठी जे नियम केले, टोकियो नियम म्हणतात त्यांना, त्यांचं सगळं म्हणणं माणसाचं मानपान राखून शिक्षा देण्याचं आहे. साहेबांनी ती सूचना घेतली नाही.

राहिला फिर्यादी. मशीन दुसऱ्या दिवशी सापडलं, पण मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडून राहिलं. अर्ज, आदेश, सुपुर्दनामा होईतो त्याच्या हातात यायला नऊ दिवस गेले, आणि तेवढे दिवस त्याने २०० रुपये रोजाने भाड्याचं मशीन वापरलं. १,८०० रुपये. सगळ्या प्रकरणात त्याचं खरं नुकसान हेच होतं, आणि तोवर त्याबद्दल त्याला कुणी विचारलंही नव्हतं. शिक्षेत दंड नसेल तरीही कोर्ट नुकसानभरपाई द्यायला लावू शकतं, कलम ३९५(३). मी म्हटलं, पोराने मशीन एक दिवस ठेवलं, आठ दिवस सरकारी खोलीने. साहेब म्हणाले, “मॅडम, चोरी झाली नसती तर ते त्या खोलीतही गेलं नसतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. १,८०० रुपये, ६०० चे तीन हप्ते, महिन्याच्या अंतराने, थेट फिर्यादीला आणि पावती कोर्टात.

फिर्यादी बाहेर मला म्हणाला, “मला वाटलं होतं तारखा घालण्यातच माझा वेळ जाणार. पैसे मिळतील असं वाटलंच नव्हतं.” पोरगा त्याच्या शेजारून बाहेर पडला. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. मी पोराला विचारलं, ती चिठ्ठी? त्याने खिसा उलटा करून दाखवला.

या शिक्षेला कुणी सोपी म्हणतं तेव्हा मला माझाच दुसरा एक अशील आठवतो. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातल्याचा गुन्हा, कलम ३५५. त्यात कैद जास्तीत जास्त चोवीस तास, दंड जास्तीत जास्त हजार रुपये, किंवा सामुदायिक सेवा. त्याला दहा दिवस रोज दोन तास झाडलोट लावली होती. दहा दिवस, ज्या गुन्ह्याला कमाल कैद एका दिवसाची आहे त्याला! तो चौथ्या दिवशी आला नाही आणि म्हणाला, “मला एक दिवस आत टाका, पण हे नको.” चूक त्याची होती, पण माप आधी आमचं चुकलं होतं. कैद किती दिली असती हे न विचारता तास ठरवले, की सौम्य म्हणून आणलेली शिक्षा कडक होऊन बसते.

पोराचे पहिले दोन रविवार नीट गेले. तिसऱ्या सोमवारी सकाळी तो माझ्या कार्यालयाच्या दारात उभा. वहीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागलं होतं आणि तो म्हणत होता, मी आठला पोचलो होतो. मी रुग्णालयात गेले. झालं होतं असं की नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या, त्यांच्या जागी आलेल्यांना आदेशाची काही माहिती नव्हती, वही कपाटात कुलूपबंद. त्यांनी त्याला “ओपीडी बंद आहे” सांगून परत पाठवलं. सोमवारी वही उघडल्यावर रविवारची रिकामी ओळ पाहून कुणीतरी गैरहजेरी लावून टाकली. माझ्या नशिबाने फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत त्याचं नाव होतं, वेळ सात बावन्न. त्या पानाचा फोटो जोडून मी त्याच दिवशी अर्ज दिला. कारण ऐकायचं वाक्य आदेशात नसतं, तर त्या एका ओळीवर वॉरंट निघू शकलं असतं. तेव्हापासून मी असा आदेश झाला की एक प्रत वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायला सांगते, आणि दुसरी फाटकावर.

चुकलेली खेप शेवटी जोडली गेली. सातव्या रविवारी मी मुद्दाम गेले. तो आवाराच्या मागे नळाखाली एक व्हीलचेअर आडवी करून बसला होता आणि पुढच्या लहान चाकात गुंडाळलेले केस ब्लेडने कापून काढत होता. लांब केस, धागे, पट्टीच्या कापसाचा वळलेला गुंता. “हे अडकलं की खुर्ची सरळ जात नाही, एका बाजूला ओढते,” तो म्हणाला. “इथे कुणी काढतच नव्हतं. अकरा झाल्या, चार राहिल्यात.” हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. वहीत ते ‘व्हीलचेअर धुणे’ एवढंच लागलं.

दुसरा हप्ता आठ दिवस उशिरा गेला, फिर्यादीने तक्रार केली नाही. तिसरा वेळेवर. बत्तीस तास पुरे झाल्याचा अहवाल आणि तिन्ही पावत्या घेऊन मी कोर्टात गेले तेव्हा साहेबांनी ‘आदेशाची पूर्तता, प्रकरण बंद’ एवढंच लिहिलं. मी कागद क्लार्क बाईंकडे दिले. त्यांनी शिक्षेचं रजिस्टर उघडलं, बोट रकान्यांवरून फिरवलं. कैद. दंड. हमीपत्रावर मुक्त. निर्दोष.

“मॅडम, हे कुठे लिहू?”

मी वाकून पाहिलं. जागा नव्हती. त्यांनी थोडा विचार केला, मग पानाच्या टोकाला असलेल्या शेऱ्याच्या अरुंद रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘सा. सेवा ३२ तास, भरपाई १,८००, पूर्ण’, आणि शाई वाळेपर्यंत पान मिटलं नाही.